मदत हवी आहे: तीन आठवड्यांत केस पांढरे झाले, परत काळे होतील का?

सायली_क
उजव्या कानशिलाच्या वर तीन आठवड्यांत एकदम वीसेक पांढरे केस आलेत. याच तीन आठवड्यांत ऑफिसात भयंकर ताण आहे, रोज रात्री एक वाजतो. ताणानेच झालंय हे मला माहीत आहे, ते समजावू नका. दोनच प्रश्न आहेत. ताण गेला की हे परत काळे होतात का? आणि शरीर आतून लवकर म्हातारं होतंय याचं हे लक्षण आहे का? लवकर सांगा, झोप उडाली आहे.

निरंजन७
वय काय? आईवडिलांचे केस कधी पिकले? केस विखुरलेले आहेत की एकाच जागी पुंजका?

मावशीबाई
सायली, आधी केसगळती थांबव. मला बाळंतपणानंतर झाली होती तेव्हा मी बायोटिन सुरू केलं, चार महिन्यांत केस दाट झाले. तूही आजपासून सुरू कर.

सायली_क
मावशी, केस गळत नाहीयेत, पिकतायत. वय ३१. आईला पंचेचाळिशीनंतर आले. बाबांना तिशीच्या आतच टक्कल पडलं, त्यामुळे त्यांचं कुणालाच सांगता येत नाही. केस विखुरलेले आहेत.

तर्कट
हे २०२० साली सिद्ध झालंय. हार्वर्डमधल्या प्रयोगात उंदरांना ताण दिला, मज्जातंतूंमधून नॉरअॅड्रेनालिन सुटलं आणि केसाच्या मुळाशी रंगाच्या पेशी पुरवणाऱ्या मूळ पेशींचा साठा काही दिवसांत संपला. साठा संपला म्हणजे संपला. परत काळे होणार नाहीत. वाईट वाटतं, पण खरं आहे.

डॉ_वैदेही
मी त्वचाविकाराची ओपीडी बघते. तर्कट, प्रयोग तुम्ही बरोबर सांगितलात, पण तो उंदरांवरचा आहे आणि इथे अजून एक साधी गोष्ट कुणी तपासलीच नाही. डोक्याबाहेर आलेला केस ही मेलेली वस्तू आहे. त्याचा रंग मुळाशीच ठरतो, नंतर आतून बदलत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तीन आठवड्यांच्या ताणाची खूण असलीच तर ती मुळापाशी पाऊण सेंटिमीटरच्या आत असेल, त्यातलाही थोडा भाग अजून कातडीखाली.
सायली, चार पांढरे केस घे. उपटू नकोस, मुळालगत काप किंवा डोक्यावरच पट्टी धरून मोज. मुळापासून किती सेंटिमीटर पांढरं आहे आणि रंग कुठे, कसा बदलतो ते लिही. त्या जागेची कातडी फिकट दिसते का तेही बघ. फिकट असेल तर कोड आहे का ते तपासावं लागेल.

गजूभाऊ
एक उपटला की सात येतात, म्हणून उपटू नकोस.

डॉ_वैदेही
गजूभाऊ, तसं होत नाही. एका मुळातून येणाऱ्या केसाचा शेजारच्या मुळाशी संबंध नसतो. मी नको म्हणते ते अशासाठी की वारंवार उपटून मूळ दुखावतं आणि तिथे केस येणंच थांबू शकतं.

सायली_क
कातडी नेहमीसारखीच आहे. नवऱ्याने पट्टी धरली. तीन केस मुळापासून पांढरे. एक ९ सेंमीपर्यंत, एक ८.५, एक ९, आणि तिथून पुढे एकदम गडद. चौथा विचित्र आहे. मुळाशी दीड सेंमी काळा, मग साधारण ४ सेंमी पांढरा, मग हळूहळू पुन्हा काळा. तो तेवढा कापला नाही.

निरंजन७
तीन वेगवेगळे केस आणि सगळे एकाच लांबीवर बदलले? सायली, केसांना रंग लावला होतास का?

सायली_क
हो, पण तो शोभेसाठी, डार्क ब्राउन. नऊ महिन्यांपूर्वी, भावाच्या लग्नात. त्याचा काय संबंध?

डॉ_वैदेही
निरंजन, नेमकं धरलंत. संबंध आहेच. केस आपापल्या वेळेने पिकतात, त्यामुळे नैसर्गिक बदल प्रत्येक केसावर वेगळ्या लांबीवर दिसतो आणि रंग हळूहळू उतरतो. सगळ्यांवर एकाच ठिकाणी कापल्यासारखी रेघ असेल तर ती रंग लावल्याची तारीख असते. तुझे हे तीन केस निदान नऊ महिने पांढरेच उगवतायत, कदाचित लग्नाच्या आधीपासूनही. तीन आठवड्यांपूर्वी काय बदललं? भांग? केस कापलेस?

सायली_क
तीन आठवड्यांपूर्वी केस कापले. आणि भांग उजवीकडे घेतला. आधी डावीकडे असायचा.

तर्कट
म्हणजे ताणाचा काहीच संबंध नाही म्हणता?

डॉ_वैदेही
त्या तीन केसांशी या तीन आठवड्यांचा नाही, ते आधीपासून होते, केस कापून भांग बदलल्यावर दिसायला लागले. चौथ्याचं वेगळं. मोजून बघा: पांढरा भाग साडेपाच महिन्यांपूर्वी सुरू झाला, दीड महिन्यापूर्वी थांबला, आणि आता त्याच मुळातून काळा केस येतोय. असे केस असतात. २०२१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने १४ जणांचे केस लांबीभर तपासून हे दाखवलं. काहींचे पांढरे केस पुन्हा रंग धरत होते आणि त्या लोकांनी लिहिलेल्या ताणाच्या नोंदींशी त्यातल्या काहींची वेळ जुळली. एकाचे तर सुट्टीच्या काळात पाच केस पुन्हा काळे होऊ लागले.

तर्कट
मग मूळ पेशी संपतात हे खोटं?

डॉ_वैदेही
खोटं नाही. ज्या मुळात साठाच संपला तिथे रंग परतत नाही. ज्या मुळात तो शिल्लक आहे आणि जे पिकण्याच्या उंबरठ्यावर आहे, ते ताणाने अलीकडे-पलीकडे जाऊ शकतं. कुठल्या मुळात काय आहे ते बाहेरून बघून मलाही कळत नाही. १४ जणांवरून सगळ्यांचा नियमही मी करणार नाही.

सायली_क
साडेपाच महिन्यांपूर्वी बाबांना आयसीयूत ठेवलं होतं. गेल्या महिन्याच्या सुरुवातीला ते घरी आले, दीड महिना होत आला. हे लिहायचं मला सुचलंच नाही.

निरंजन७
बाबा आता कसे आहेत?

सायली_क
चालतात, जेवतात. पण म्हातारं होण्याचं कुणी सांगितलंच नाही.

डॉ_वैदेही
आशियाई वंशाच्या लोकांत पंचविशीच्या आत पिकले तर आम्ही त्याला अकाली म्हणतो. युरोपीय वंशात ही रेघ विशीची, आफ्रिकी वंशात तिशीची. तू ३१ ची, त्यात बसत नाहीस. वेळ बरीचशी घरातून येते. २०१६ मध्ये केस पिकण्याशी जोडलेला आयआरएफ४ हा पहिला जनुक सापडला, पण तो एकटा सगळं ठरवत नाही. आईचं वय बघून तुझं सांगता येत नाही, कारण अर्धा वारसा बाबांचा आणि त्यांची नोंदच नाही. कोपनहेगनमध्ये हजारो लोकांना वर्षानुवर्षं पाहिलं तेव्हा पिकलेले केस आणि लवकर मृत्यू यांचा संबंध दिसला नाही. केस पिकले म्हणजे आयुष्य कमी झालं असं नाही.

गजूभाऊ
पण सिगारेट ओढणाऱ्यांचे लवकर पिकतात ना? माझे पिकले.

डॉ_वैदेही
हो, तसा संबंध दिसलाय. सायली, बी१२ आणि थायरॉइड तपासून घे. ते कमी-जास्त असेल तर दुरुस्त होतं आणि कधी कधी रंगही परततो. मावशींचं ऐकून बायोटिन सुरू केलं असशील तर तपासणीआधी निदान दोन-तीन दिवस बंद ठेव आणि लॅबला सांग. त्याने थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात, नसलेला आजार दिसतो. बी१२ची गोळीही रक्त दिल्यावरच.

मावशीबाई
मी वर्षभर बायोटिन घेतेय आणि गेल्या महिन्यात माझं थायरॉइड वाढलेलं आलं, गोळ्या सुरू केल्यात. आता काय करू?

डॉ_वैदेही
मावशी, गोळी मनाने बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना आजच बायोटिनचं सांगा, ते पुन्हा तपासायला सांगतील.

सायली_क
रक्त उद्या सकाळी देते, बायोटिन घेतलेलं नाही. चौथ्या केसाला मुळापाशी दोरा बांधलाय म्हणजे तो हरवणार नाही. महिन्याने मुळाशी किती काळा झाला ते इथेच लिहीन.