अनुभव धागा: एसीशिवाय घर गार ठेवता का? कसं?

सुलभा, फोंडा
आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा, डोक्यावर थेट स्लॅब. मे महिन्यात दिवस कसाबसा निघतो, पण रात्री अकरालाही पंखा गरम वाराच फेकतो. रंग, पडदे, वेताचं सामान, खिडक्या, जे काही स्वतः करून पाहिलंय ते लिहा. ऐकीव नको.

दत्ता, मडगाव
वाळ्याचे पडदे लावून पाणी मारा. नागपूरला मावशीचा उन्हाळा त्यावरच निघतो. सुती पडदे ओले केले तरी चालतात.

विश्राम, पर्वरी
दत्ता, नागपूरची हवा कोरडी रे, तिथे पाणी उडतं म्हणून गारवा. आपल्याकडे पडदा ओलाच राहतो आणि अंगावरचा घाम वाळत नाही. पडदा सुतीच हवा, पण फिका आणि कोरडा.

सुलभाताई, दुखणं स्लॅबचं वाटतंय. दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खाली सोडतो. नऊच्या सुमारास स्टुलावर चढून छताला तळहात लावा, मग भिंतीला. छत जास्त ऊन लागलं तर गच्ची पांढरी करा. मी बांधकामातला, आमच्याच गच्चीवर करतो ते सांगतो. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडायचं, चुना रात्रभर भिजवून गाळायचा, चिकटपणाला थोडा गोंद, आणि दोन हात मारायचे, दुसरा पहिल्याला आडवा. काम संध्याकाळचं. भर उन्हात चुना पटकन वाळतो आणि हाताला भुकटी लागते. पावसात तो काळा पडतो, म्हणून दरवर्षी फेब्रुवारीत पुन्हा. गळती मात्र चुन्याने थांबत नाही, ती आधी बघा.

शेवंती, पेडणे
वेताचा विषय निघालाच आहे तर, पावसाळ्यात आमच्या खुर्च्यांवर पांढरी बुरशी धरते. काय लावता?

अनिता, कळंगुट
शेवंती, कोरड्या ब्रशने झाडून उघडीप मिळाली की उन्हात ठेव, आणि भिंतीला टेकवू नकोस. पण वेताने खोली गार होत नाही हं. जाळीतून पाठीला वारा लागतो, म्हणून माणसाला बरं वाटतं. त्यावर फोमची गादी टाकली की संपलं.

आमचा फरक चिकांनी पडला. पश्चिमेच्या खिडकीला बांबूची चिक बाहेरून लावली. आतला पडदा काचेतून आलेल्या उन्हाने स्वतःच तापतो. दुपारी समुद्राचा वारा येतो तेव्हा समोरची खिडकीही उघडी हवी, नाहीतर तो आत शिरतच नाही.

सुलभा, फोंडा
अनिता, इथे रात्री वारा पडलेलाच असतो गो.
विश्रामदादा, हात लावला. छत ऊन आहेच, पण पश्चिमेची भिंतही जवळजवळ तेवढीच. बाहेरून ती गडद विटकरी, रंग सोसायटीने ठरवलेला. गच्चीही सामाईक.

विश्राम, पर्वरी
मग गच्चीची परवानगी आधी मागा, पांढऱ्याला सहसा कोणी अडत नाही. भिंतीचं अवघड आहे. त्या बाजूला खाली झाड लावायला जागा आहे?

दत्ता, मडगाव
एक्झॉस्ट फॅन लावून रात्री आतली गरम हवा बाहेर काढली तर?

सुलभा, फोंडा
झाडाला जागा नाही, तिथे पार्किंग. एक्झॉस्ट कोणी रात्रभर चालवलाय का? आवाज किती होतो?