गळका एल्बो बदलायचा की घरातले सगळे जीआय पाईप? प्लंबरचं पत्र वाचून सांगा

गौरी_के: घर जुनं आहे, पाण्याचे पाईप सगळे जीआयचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे. बाथरूमच्या भिंतीला ओल आली म्हणून प्लंबरना एक एल्बो बदलायला बोलावलं तर त्यांनी पूर्ण लाईन बदलायचं कोटेशन दिलं आणि सोबत हे पत्र. घरात यावरून दोन तट पडलेत. पत्र जसंच्या तसं देते, तुम्हाला पटतंय का ते सांगा.

> ताई, नमस्कार. गळणारा एल्बो काढताना त्याला लागूनचा पाईपचा तुकडा आट्यातूनच मोडून हातात आला, तो मी तुमच्याकडे ठेवून आलोय. त्याच्या आत बघा. पाईप अर्धा इंची आहे पण पेन्सिल जेमतेम जाईल एवढंच भोक राहिलंय, बाकी गंजाचे फोड. आतला जस्ताचा थर पाण्याने वर्षानुवर्षं खाल्ला जातो, तो संपला की लोखंड गंजतं, आणि गंज फुगतो म्हणून पाईप आतून बुजत जातो. बाहेरून काही कळत नाही. आटे पाडलेत तिथे पाईप मुळातच पातळ, म्हणून गळती आधी जॉइंटला दिसते.
>
> नुसता एल्बो बदलायचा तर शेजारच्या पाईपला पान्हा लावून जोर द्यावा लागेल, त्यात भिंतीच्या आतला पुढचा जॉइंट सुटला तर ती जबाबदारी मला घेता येणार नाही.
>
> तुमच्यासमोरच मोजलं होतं. मेन वॉल्व्हजवळच्या नळाला 10 लिटरची बादली 40 सेकंदात भरली, स्वयंपाकघरात तिलाच सव्वादोन मिनिटं लागली. गेज लावला तर सगळे नळ बंद असताना दोन्हीकडे 2 बार, पण स्वयंपाकघरातला नळ उघडला की तिथला काटा अर्ध्या बारच्या खाली.
>
> कोटेशनमध्ये मेन वॉल्व्हपासून प्रत्येक नळापर्यंत थंड आणि गरम दोन्ही लाईन नवीन, सीपीव्हीसी प्लास्टिकच्या, प्रत्येक बाथरूमला वेगळा वॉल्व्ह, भिंत फोडणं, प्रेशर टेस्ट आणि टेस्टनंतर सिमेंटने झिरी बुजवणं एवढं धरलंय. टाईल, रंग, नवीन नळ आणि मेन वॉल्व्हच्या बाहेरची लाईन धरलेली नाही. जुना पाईप आड येत नसेल तिथे भिंतीतच बंद करून सोडणार. आत अजून काही निघालं तर काम थांबवून तुम्हाला विचारणार, परस्पर वाढवणार नाही.

रोखठोक: एल्बोला बोलावलं आणि अख्खं घर फोडायचं कोटेशन आलं, हे मी खूपदा बघितलंय. मोडलेला तुकडा दाखवून घाबरवणं सोपं असतं, अहो तो तुकडा गळतीच्याच जागेचा आहे, तो वाईट निघणारच ना, त्यावरून बाकीचे पाईप पण तसेच आहेत हे कसं ठरवलं? एल्बो बदलून घ्या आणि बाकीचं गळेल तेव्हा बघा.

जलवाहिनी: रोखठोक, एका तुकड्यावरून घर ठरत नाही हे बरोबर. पण पत्रात तुकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट गेजची आहे आणि ती तुम्ही सोडून दिलीत. नळ बंद असताना पाणी वाहतच नाही, त्यामुळे पाईप कितीही बुजलेला असो प्रेशर दोन्ही टोकांना सारखंच दिसणार. नळ उघडल्यावर काटा पडतो म्हणजे मधे कुठेतरी पाण्याची वाट अडलीये. आणि भोक थोडं कमी झालं तरी पाणी खूप कमी होतं, 15 मिमीचं 10 मिमी झालं तर त्याच प्रेशरला साधारण एक तृतीयांशच पाणी येतं. बादलीचा हिशोब लावा, 15 लिटर मिनिटाला तिथे आणि साडेचारच्या आसपास इथे. जुळतंय.

पण गौरीताई, पाईपला दोष द्यायच्या आधी एक गोष्ट बघायला हवी आणि ती पत्रात नाहीये. जुन्या गेट वॉल्व्हची आतली चकती कधीकधी दांड्यापासून तुटते आणि अर्धवट खाली अडकते, तुम्ही चाक पूर्ण फिरवता, वॉल्व्ह उघडलाय असं वाटतं पण आत तो अर्धा बंदच. लक्षणं हुबेहूब हीच. स्वयंपाकघराच्या फाट्यावर असा वॉल्व्ह आहे का? आणि नळाच्या तोंडाची जाळी काढून बादली परत लावलीत का?

गौरी_के: जाळी त्यांनी काढूनच मोजलं होतं. फाट्यावर वॉल्व्ह नाही, एकच मेन वॉल्व्ह आहे आणि पहिला नळ त्याच्या पुढेच आहे.

जलवाहिनी: मग वॉल्व्हचा दोष नाही, त्याच्यातून मिनिटाला 15 लिटर येतायत. अडचण पहिल्या नळाच्या पुढे आहे.

निवांत: आमच्याकडे पण बाथरूमचा पाईप असाच बुजलेला, स्प्रिंगवाल्या मशीनने साफ करून दिला, भिंत फोडायची गरजच पडली नाही. तेच करा ना.

गौरी_के: निवांत, ते सांडपाण्याचं झालं, इथे नळाला येणाऱ्या पाण्याचा प्रश्न आहे. अर्धा इंची पाईपमध्ये एल्बोमागून एल्बो, त्यात स्प्रिंग कशी फिरणार.

हौशी_मिस्त्री: स्प्रिंग नाही पण अ‍ॅसिड चालतं! लाईन दोन्हीकडून बंद करून डिस्केलिंगचं लिक्विड भरून ठेवायचं, गंज विरघळतो. नाहीतर सरळ मेन वॉल्व्हनंतर छोटा प्रेशर पंप लावा, स्वयंपाकघरात धार वाढेल की नाही बघा. भिंत फोडण्यापेक्षा दोन्ही परवडतं.

जलवाहिनी: धार वाढेल, नाकारत नाही. पण वाढलेलं प्रेशर त्याच गंजलेल्या आट्यांवर येणार, आज जो जॉइंट नुसता पाझरतोय तो उद्या फवारा मारेल, तोही भिंतीच्या आत. अ‍ॅसिडचं त्याहून वाईट. गंज विरघळतो हे खरं पण अशा जुन्या पाईपमध्ये कित्येक ठिकाणी लोखंडाला बारीक भोकं पडलेली असतात आणि त्या गंजानेच ती बुजलेली असतात. गंज काढला की भोकं उघडी. गिझरच्या कॉइलमध्ये नुसता पाण्याचा क्षार बसलाय तिथे डिस्केलिंग ठीक आहे, इथे नाही.

शर्वरी: मी माझं सांगते. आमच्याकडे फक्त स्वयंपाकघराची लाईन बदलली, बाकी जीआय तसंच ठेवलं. बदलल्यावर लगेच शॉवर आणि वॉशिंग मशीनचं पाणी कमी झालं, कारण कापताना ठोकाठोकीत उरलेल्या पाईपमधले गंजाचे पापुद्रे सुटले आणि मशीनच्या इनलेटच्या जाळीत आणि शॉवरच्या मिक्सरमध्ये जाऊन बसले. ते काढून धुतलं, पाणी परत आलं. पुढे गिझरकडून येणाऱ्या गरम लाईनचा जॉइंट गळायला लागला तेव्हा ती पण बदलली. थंडची उभी लाईन अजून जुनीच आहे आणि चांगली चाललीये! त्यामुळे सगळं एकदम बदलायलाच हवं हे मला नाही पटत, टप्प्याटप्प्याने होतं, पैशाचं पण एकदम ओझं येत नाही.

जलवाहिनी: शर्वरी म्हणतायत ते होऊ शकतं, गरम लाईन साधारण आधी जाते आणि आडव्या लाईनमध्ये गंज जास्त साठतो. फक्त टप्पे पाडायचे तर कापायची जागा नीट निवडा. मधेच पाईप कापून त्याच्यावर नवीन आटे पाडायला गेलात तर पाईपची गंजलेली भिंत आट्यांच्या जोराने चिरते. जिथे युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, आहे तिथेच सोडवा. आणि नवा भाग पितळी किंवा तांब्याचा थेट जीआयला जोडू नका, दोन वेगळे धातू पाण्यात एकमेकांना लागले की त्यातलं जस्त-लोखंड आधी खाल्लं जातं, मधे प्लास्टिकचा तुकडा किंवा इन्सुलेटेड युनियन हवं.

माझं स्वतःचं मत मात्र या घरापुरतं पूर्ण बदलायचंच आहे, कारण तुकडा आट्यातून मोडलाय. पाईप नुसता बुजलेला असता तर टप्पे म्हटलं असतं. मोडला म्हणजे तिथे पाईपच्या भिंतीची जाडी संपलीये.

रोखठोक: एका जागी संपलीये! मी परत तेच म्हणतो. प्लंबरना सांगा, लांबच्या बाथरूममधला शॉवरचा निपल, म्हणजे आट्यांचा छोटा पाईपचा तुकडा, काढून आत बघू आणि दाखवू. तो पण तसाच निघाला तर मी गप्प बसेन.

जलवाहिनी: ही मागणी अगदी रास्त आहे. फक्त निपल काढताना तोच मोडू शकतो, तेव्हा मेन वॉल्व्ह आधी नीट बंद होतोय याची खात्री करून, बदली निपल हातात ठेवूनच काढायला सांगा.

वायरमन_दादा: पाईपमधलं मला कळत नाही पण एक विचारतो, घराचं अर्थिंग कुठून घेतलंय? बऱ्याच जुन्या घरांत अर्थिंगची तार पाण्याच्या जीआय पाईपला बांधलेली असते. तुम्ही मधे प्लास्टिक घातलं की लाईट चालू राहतात, सगळं ठीक वाटतं, पण अर्थिंग तुटलेलं असतं आणि ते कळतं गिझरच्या नळाला झटका बसल्यावर. काम सुरू करायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून स्वतंत्र अर्थिंग आहे का ते मीटरने तपासून घ्या, नुसती तार दिसली म्हणजे आहे असं धरू नका. ही गोष्ट पत्रात नाही याचं मला वाईट वाटलं.

रोखठोक: बघा, जिवावर बेतेल ती गोष्ट पत्रात नाही. आणि भिंत फोडून परत भिंतीतच पाईप कशाला? बाहेरून क्लॅम्प मारून न्या, गळलं तर दिसेल.

शर्वरी: बाहेरून नेलं की गरम लाईन लांबीने वाढते-कमी होते, सरळ लांब लाईन घट्ट आवळली तर ती कमानीसारखी वाकते, आमच्याकडे दिसते ती. क्लॅम्प थोडे सैल आणि मधे वळण ठेवावं लागतं. आणि ऊन लागतं तिथे सीपीव्हीसीला रंग देऊन ठेवावं लागतं. पण दिसतं, हे खरंय.

गौरी_के: आज प्लंबरशी बोलले. शॉवरचा निपल काढायला ते लगेच तयार झाले, उद्या सकाळी काढणार आहेत. अर्थिंगचं म्हणाले की ते त्यांचं काम नाही, पण पाईप कापण्याआधी इलेक्ट्रिशियनचा होकार हवा असं कोटेशनवर लिहून देतो. टेस्टबद्दल नुसतं 'प्रेशर टेस्ट' लिहिलं होतं, मी विचारलं किती आणि किती वेळ, तर म्हणाले रोजच्या प्रेशरच्या दीडपट, म्हणजे आपल्याकडे 3 बार, किमान तासभर, आणि काटा हलला नाही तरच झिरी बुजवायची. तेही लिहून घेतलं. भिंतीतून की बाहेरून यावर घरात अजून एकमत नाही.

जलवाहिनी: टेस्टच्या आधी सोल्युशन लावलेले जॉइंट पुरेसे सुकू द्या, डब्यावर वेळ दिलेली असते, घाईघाईत पाणी सोडलं तर चांगला जॉइंट पण सरकतो. आणि भिंतीतून नेलंत तर झिरी बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप लावून, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर पाईप आहे ते दिसेल असा. नंतर कुणी ड्रिल घेऊन आलं की तोच फोटो लागतो.

रोखठोक: उद्या निपल निघाला की त्याचा पण फोटो टाका इथे, आतल्या बाजूचा.