मदत हवी आहे: क्लायंटकडचा आमचा एकमेव माणूस नोकरी सोडतोय, अकाउंट कसं टिकवायचं?

अर्धविराम
घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आमची सहा जणांची छोटी कंपनी आहे. एका उत्पादन कंपनीच्या गोदामाचं सॉफ्टवेअर आम्ही चार वर्षं चालवतोय. तिथले ऑपरेशन्स मॅनेजर हाच आमचा सगळा संपर्क. काम त्यांनी दिलं, वाढवलं त्यांनीच, अडचण आली की फोनही त्यांचाच. काल त्यांनी सांगितलं की ते नोकरी सोडताहेत. त्यांच्या जागी कोण येणार ते ठरलेलं नाही. आता तिथल्या बाकीच्यांशी ओळख कशी वाढवायची? पटकन सांगा, माझ्याकडे दिवस कमी आहेत.

शांतनदी
दिवस कमी म्हणजे किती? त्यांचा शेवटचा दिवस कधी, करार कधी संपतो आणि करारावर त्यांच्या बाजूने सही कोणाची आहे? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

मोकळीवाट
आमच्याकडेही हेच झालं होतं. माणूस सोडून गेला आणि जाताना क्लायंट घेऊन गेला. तुमच्या त्या मॅनेजरच्या नेमणूकपत्रात क्लायंटशी संपर्क न ठेवण्याचं कलम आहे का ते आधी बघा. नसेल तर आत्ताच लेखी घ्या.

अर्धविराम
@मोकळीवाट, ते आमचे कर्मचारी नाहीत, क्लायंटचे आहेत.
@शांतनदी, शेवटचा दिवस साधारण तीन आठवड्यांनी. करार संपायला चार महिने आहेत. सही बहुतेक त्यांच्या वरच्या साहेबांची असावी, बघून सांगतो.

थेटबोल
यात विचार करण्यासारखं काही नाही. उद्याच तिथल्या डायरेक्टरना मेल टाका: चार वर्षं तुमचं काम करतोय, भेटायचं आहे. मी कुठलंही अकाउंट असंच सांभाळतो. वरचा माणूस ओळखीचा असला की खाली कोण येतं नि कोण जातं याने फरक पडत नाही. मधल्या लोकांवर वेळ घालवलात की असंच होणार.

कुंपणापलीकडे
थांबा, उद्या मेल टाकू नका. मी अकरा वर्षं पर्चेसमध्ये होते, म्हणजे तुमच्या समोरच्या खुर्चीत, म्हणून तिथून काय दिसतं ते सांगते.

असा मेल डायरेक्टर बहुतेक वेळा उघडतात आणि "हे बघा" एवढंच लिहून खाली पाठवतात. तो जातो ऑपरेशन्सच्या साहेबांकडे, आणि त्यांना पहिली गोष्ट कळते ती ही की व्हेंडर आपल्याला ओलांडून परस्पर वर गेला. चार महिन्यांनी तुमच्या कागदावर सही करायची की नाही, हे तेच साहेब ठरवणार असतात.

माणूस गेला की आत काय होतं ते ऐका. नवीन येणाऱ्याला व्हेंडरांची यादी मिळते. नाव, काम, वर्षाचा खर्च. मागचा इतिहास त्यात नसतो. तो विचारतो, "यांना आपण पैसे का देतो?" ते पर्चेसकडे येतं आणि आम्ही संबंधित विभागांना विचारतो. "हे बंद झालं तर माझं काम अडेल" असं कोणी लेखी कळवलं, तर विषय तिथेच मिटतो. कोणीच काही बोललं नाही, तर नवी कोटेशनं मागवली जातात, आणि तोपर्यंत नवीन मॅनेजरचा आधीच्या कंपनीतला ओळखीचा व्हेंडर दाराशी आलेला असतो.

म्हणजे तुम्हाला पाच मित्र नकोत. वेगवेगळ्या विभागांतली अशी दोन-तीन माणसं हवीत, ज्यांचं रोजचं काम तुमच्या कामावर उभं आहे आणि तसं ती आत सांगू शकतील. त्यांना शोधायला बाहेर जावं लागत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन कोण कोण करतं? इनव्हॉइस मंजूर कोण करतं? जुन्या मेलमध्ये सीसीत कोण आहे? आधी ते बघा.

आणि एक विचारायचं राहिलं: त्यांचा राजीनामा आत जाहीर झालाय का?

थेटबोल
तुमच्या कंपनीत तसं होत असेल. मी डायरेक्टरना भेटूनच दोन अकाउंट वाचवलीत.

कुंपणापलीकडे
वाचवली असतील, पण तेव्हा तुमच्याकडे भेटायचं कारण होतं का? की ओळख हेच कारण? सही करणाऱ्याला तुमचा चेहरा माहीत हवा, हे मला मान्यच आहे. माझा आक्षेप क्रमाला आहे. खालून दोघांनी "यांचं काम लागतं" म्हटल्यावर वर गेलात, तर तीच भेट उपयोगी पडते.

सहापैकीसहा
कुंपणापलीकडे यांचा "वेगवेगळ्या विभागांतली" हा शब्द अधोरेखित करा. आमची एका क्लायंटकडे सहा जणांशी उत्तम ओळख होती. दर महिन्याला बैठक व्हायची, सगळे हजर असायचे. मी निश्चिंत होतो. पुढे तिथे फेररचना झाली आणि तो विभागच दुसऱ्यात विलीन केला. सहाही जण एकाच साहेबांना रिपोर्ट करणारे होते. साहेब गेले, दोन महिन्यांत बाकीचे पांगले. ज्या विभागात काम गेलं, तिथे आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं. मी माणसं मोजत होतो, साहेब किती आहेत ते मोजायला हवं होतं.

नोंदवही
मी एक साधा तक्ता ठेवते. क्लायंटकडच्या प्रत्येकाचं नाव, तो कोणाला रिपोर्ट करतो, आपल्या कामातलं काय वापरतो आणि त्याने आपल्याला शेवटचं स्वतःहून कधी लिहिलं. आपण पाठवलेले मेल मोजत नाही. तीन महिन्यांत ज्याच्याकडून काहीच आलं नाही, त्याचं नाव खोडते. पहिल्यांदा भरला तेव्हा नऊ नावांपैकी दोनच उरली होती.

अर्धविराम
बघितलं सगळं, आणि आता जास्त घाबरलोय.

राजीनामा आत जाहीर झालेला नाही. फक्त त्यांच्या साहेबांना माहीत आहे. मला त्यांनी विश्वासाने सांगितलं, हे आधी लिहायला हवं होतं. करार उघडला: चार महिने वगैरे ठीक, पण दोघांपैकी कोणीही ३० दिवसांची नोटीस देऊन कधीही थांबवू शकतं. इनव्हॉइस त्यांच्याच मेलवर जातात, सॉफ्टवेअरचं अ‍ॅडमिन लॉगिनही त्यांच्याच नावावर आहे. आमच्या एकूण उत्पन्नातला ४० टक्के हिस्सा या एका अकाउंटचा आहे.

लॉगिनच्या नोंदी काढल्या. ३१ जणांना प्रवेश आहे, नियमित वापरतात १४. त्यातले अकरा गोदामातले, म्हणजे सगळे ऑपरेशन्सचेच. पण तिघं फायनान्सचे निघाले. दर महिनाअखेरीला ते शिल्लक मालाचा अहवाल काढतात. चार वर्षांत मी त्यांच्याशी एकदाही बोललेलो नाही, कारण "सगळं माझ्यामार्फत येऊ द्या" असा मॅनेजरांचा नियम होता.

कुंपणापलीकडे
ते तिघं म्हणजे तुमचा दुसरा खांब. महिनाअखेरचं क्लोजिंग त्या अहवालावर होत असेल, तर तुमचं काम थांबलं की पहिली ओरड फायनान्समधून येईल.

पण आज त्यांना परस्पर फोन करू नका. आधी मॅनेजरांनाच विचारा: "फायनान्सचे लोक महिनाअखेरीला हा अहवाल काढतात असं दिसलं. त्यांना तो हवा तसा मिळतो का, हे विचारायला तुमच्यासमोर अर्धा तास बोलू का?" यात राजीनाम्याचा उल्लेख नाही, गुपित फुटत नाही आणि भेटीचं कारण खरं आहे. सगळं आपल्यामार्फत ठेवण्याची त्यांना आता तेवढी गरजही उरलेली नाही. जाणारा माणूस सहसा मदत करतो, फक्त नेमकं काय हवं ते सांगावं लागतं. "ओळख करून द्या" एवढंच म्हणालात तर ते हो म्हणतील आणि शेवटच्या आठवड्यात विसरतील.

बातमी जाहीर झाली की त्याच दिवशी त्यांच्याकडे तीन गोष्टी मागा. त्यांच्या साहेबांना तुम्हाला सीसीत ठेवून एक मेल, ज्यात तुम्ही काय करता आणि पुढे तात्पुरतं कोण बघेल हे असेल. मजकूर तुम्हीच लिहून द्या, चार-पाच ओळींचा. दुसरं, साहेब आणि तुम्ही असा एक कॉल, ते तिथे असतानाच. तिसरं, इनव्हॉइस आणि अ‍ॅडमिन लॉगिन दुसऱ्याच्या नावावर. याला किरकोळ समजू नका. गेलेल्या माणसाच्या बंद मेलवर इनव्हॉइस जात राहिली आणि व्हेंडर तीन महिने पैशांची वाट बघत बसला, असं मी स्वतः पाहिलंय.

आणि तोंडी ठरलेलं सगळं आत्ताच कागदावर आणा. कुठला बदल फुकट करून दिला, कशाला मुदत वाढवून दिली होती, कशाबद्दल त्यांची तक्रार होती. नवीन माणूस विचारेल तेव्हा "आधीच्या साहेबांशी असं ठरलं होतं" याला काही किंमत नसते.

थेटबोल
बातमी जाहीर होईपर्यंत थांबायचं म्हणजे अर्धे दिवस गेले. ४० टक्के उत्पन्न पणाला लागलंय, आणि तुम्ही त्यांना शिष्टाचार शिकवताय.

शांतनदी
विश्वासाने सांगितलेलं फोडलं, तर ते मॅनेजर नव्या कंपनीत तुम्हाला कधी बोलावतील का? तोही एक दरवाजाच आहे.

मोकळीवाट
हा मुद्दा चांगला आहे. मागची पोस्ट मी चुकीची समजलो होतो, क्षमस्व. पण ते तिकडे गेल्यावर लगेच त्यांच्या मागे गेलात, तर जुन्या क्लायंटला काय वाटेल? आमच्या क्लायंटला आवडलं नव्हतं.

नोंदवही
सगळी माणसं एकट्या मालकाने सांभाळायची हेही चुकतंच. आमच्याकडे हिशेब बघणारी मुलगी त्यांच्या अकाउंट्सशी बोलते, सपोर्टवाला त्यांच्या सुपरवायझरशी. ही नाती मी न बोलता टिकतात. तुमच्या बाजूनेही एकच माणूस बोलतो का?

अर्धविराम
हो, मीच. ते लक्षातच आलं नव्हतं.

अर्धविराम
(नऊ दिवसांनंतर) फायनान्सच्या एका बाईंशी मॅनेजरांसमोर कॉल झाला. कळलं की आमचा अहवाल त्या दर महिन्याला हाताने दुरुस्त करतात, कारण परत आलेला माल त्यात दोनदा मोजला जातो. दोन वर्षं हे चाललंय! त्यांनी मॅनेजरांना सांगितलं होतं, पण आमच्यापर्यंत पोचलंच नाही. दुरुस्ती दोन दिवसांत करून दिली, आमच्या सपोर्टच्या मुलाने थेट त्यांच्याशी बोलून. काल त्यांनी स्वतःहून त्याला दुसरी एक शंका विचारली.

राजीनामा परवा जाहीर झाला. साहेबांना मेल गेलाय, उत्तर नाही. कॉलची वेळ दोनदा बदलली. इनव्हॉइसचा पत्ता बदलला, अ‍ॅडमिन लॉगिन अजून तसंच आहे. मॅनेजरांचे सहा दिवस उरलेत. साहेबांचं उत्तर आलंच नाही, तर फायनान्सच्या बाईंना मध्ये घालावं का? की एवढ्या नव्या ओळखीवर तेवढा भार टाकू नये?

कुंपणापलीकडे
त्यांना मध्ये घालू नका, अजून नाही. महिनाअखेर कधी आहे?