मदत हवी आहे: गृहसंकुलाच्या ड्रोन व्ह्यूसाठी प्रॉम्प्ट, सावलीची लांबी बरोबर कशी आणायची?

निळा_आराखडा

मंडळी, मुलुंडमधल्या एका पुनर्विकास प्रकल्पाचं प्रेझेंटेशन करतोय. तीन विंग आहेत, प्रत्येक 22 मजल्यांची, उंची साधारण 70 मीटर. ए विंग नैर्ऋत्येला, तिच्या ईशान्येला बी, आणि सी आग्नेय कोपऱ्यात. मध्ये बाग, भोवती अग्निशमनाची गाडी फिरेल असा अंतर्गत रस्ता. लेआउट ऑटोकॅडमध्ये पक्का आहे, स्केचअपमध्ये साधे ठोकळेही उभे केलेत.

आता इमेज जनरेटरकडून वरून घेतल्यासारखं एक चित्र हवंय, ज्यात लेआउट, रस्ते, झाडं सगळं कळेल. तारीख आणि वेळ 15 जानेवारी, दुपारी 4 ठरली आहे. चित्रं दिसायला झकास येतात, पण सावल्यांचा पत्ता नाही. टॉवरची सावली पायाशी चिकटलेली, झाडांची मात्र लांबलचक. एका चित्रात तर दोन विंगच्या सावल्या दोन दिशांना! आमचे सर पहिल्यांदा सावलीच बघतात. प्रॉम्प्टमध्ये नेमकं काय लिहू?

उडती_तबकडी

मुंबईत ड्रोन उडवायचा विचार असेल तर आधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर झोन बघा. विमानतळ जवळ असल्यामुळे बऱ्याच भागात परवानगीशिवाय उडवता येत नाही. ग्रीन झोनमध्येही 120 मीटरच्या वर नाही. वर मुंबई पोलिसांचे मनाई आदेश अधूनमधून निघतात, ते वेगळेच. 250 ग्रॅमच्या आतला नॅनो घेतला म्हणजे सगळं माफ, असं समजू नका.

निळा_आराखडा

धन्यवाद, पण इमारत अजून उभीच राहिलेली नाही हो. ड्रोन कशाचा उडवणार? चित्र बनवायचंय.

उडती_तबकडी

अरे हो, शीर्षक वाचून सुटलो. तरी 120 मीटरची गोष्ट कामाची आहे. कॅमेरा त्याच उंचीवर ठेवा, चित्र खऱ्या ड्रोनने काढल्यासारखं वाटेल. लोक 300 मीटरवरून दाखवतात, मग ते गूगल अर्थसारखं सपाट दिसतं.

घाटकोपरचा_मन्या

सोप्पं आहे. सावलीची लांबी म्हणजे इमारतीची उंची भागिले सूर्याच्या उन्नतांशाचा, म्हणजे क्षितिजापासूनच्या कोनाचा, टॅन. दुपारी 4 म्हणजे माध्यान्हापासून 4 तास, तासाला 15 अंश, म्हणजे 60 अंश. मुंबईचा अक्षांश 19.07, त्या तारखेला सूर्य सव्वाएकवीस अंश दक्षिणेला. उन्नतांश आला जेमतेम 19 अंश, सावली सुमारे 206 मीटर. प्रॉम्प्टमध्ये `shadow length 206 m, latitude 19.07 N, 15 January, 4 pm` टाका. एवढं दिल्यावर मॉडेल स्वतः हिशेब करेल.

वीणा_स्थापत्य

मन्या, सूत्र बरोबर आहे, पण तुमचा सूर्य घड्याळाबरोबर चाललाय. आपली प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची आणि मुंबई आहे 72.88 वर. म्हणजे इथे सूर्य साडेअडतीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. शिवाय जानेवारीच्या मध्याला आणखी नऊएक मिनिटांचा फरक पडतो. त्या दिवशी मुंबईची खरी दुपार होते 12 वाजून 48 मिनिटांच्या आसपास. घड्याळात 4 वाजतात तेव्हा सूर्याचे 3 वाजून 12 मिनिटं झालेली असतात. या वेळेने हिशेब केला की उन्नतांश 28 अंश येतो आणि सावली उंचीच्या 1.88 पट, म्हणजे सुमारे 131 मीटर. 206 नाही. 75 मीटरचा फरक म्हणजे समोरची अख्खी सोसायटी.

आणि मॉडेल हिशेब करत नाही. `131 m` लिहा नाहीतर `206 m` लिहा, त्याला त्यातून "लांब सावली" एवढंच कळतं. अक्षांश आणि तारीख लिहिल्याने फार तर उन्हाचा रंग बदलेल.

निळा_आराखडा, आता तुमच्या साइटचं. ए आणि बी मध्ये सावलीच्या दिशेने मोकळं अंतर किती आहे?

निळा_आराखडा

साधारण 30 मीटर, ताई.

वीणा_स्थापत्य

मग ए विंगची 131 मीटरची सावली तुमच्या चित्रात जमिनीवर कुठेच पूर्ण दिसणार नाही. 30 मीटर गेल्यावर ती बी विंगवर चढते. किती चढते तेही काढू. 28 अंशांना दर मीटर अंतरामागे सावलीची कड 0.53 मीटरने खाली उतरते. 30 मीटरमध्ये 16 मीटर उतरली, म्हणजे बी वर ती 54 मीटर उंचीपर्यंत पोचते. 70 मीटरमध्ये 22 मजले म्हणजे मजला साधारण 3.2 मीटरचा, तर खालचे 17 मजले सावलीत आणि वरच्या पाचेक मजल्यांवर ऊन. मुंबईतल्या दाट लेआउटमध्ये सावली अशी समोरच्या भिंतीवरच वाचावी लागते. सी विंगची मात्र ईशान्येकडे पडून कंपाउंडबाहेर रस्त्यावर जाईल, तिथे ती जमिनीवर मोजता येईल.

कॅमेऱ्याचंही तसंच. त्या वेळी सूर्य नैर्ऋत्येला आहे, सावल्या ईशान्येला जातात. तुम्ही उत्तरेकडे बघणारा कॅमेरा लावलात तर सूर्य पाठीमागे डावीकडे येतो आणि बऱ्याच सावल्या इमारतींच्या मागे लपतात. वायव्येकडे बघा. सूर्य जवळपास बरोबर डाव्या हाताला येईल, सावल्या उजवीकडे आडव्या पडतील आणि लांबी नीट दिसेल. दक्षिणेच्या भिंती उन्हात, पूर्वेच्या सावलीत, त्यामुळे टॉवरला आकारही छान येतो. मॉडेलला उत्तर दिशा कळत नाही, फ्रेमची डावी-उजवी कळते. म्हणून दिशा फ्रेमच्या भाषेत सांगा.

निळा_आराखडा

हे कोणी सांगितलंच नव्हतं. पण प्रॉम्प्टने लांबी येणारच नसेल तर आणायची कशी?

वीणा_स्थापत्य

सावली स्केचअपमधूनच न्या. ठोकळ्यांच्या मॉडेलला मुंबईचं लोकेशन द्या. दिलं नसेल तर ते बहुधा अमेरिकेतल्या बोल्डरच्या अक्षांशावर सावल्या पाडत असेल. वेळ `UTC+05:30` आहे ना, ते बघा. मग तारीख-वेळ टाका, रस्ते आणि बागेच्या कडा वेगळ्या रंगात भरा, सावल्या चालू ठेवून वायव्येकडे बघणारा व्ह्यू एक्सपोर्ट करा. हे चित्र इमेज-टू-इमेजमध्ये बेस म्हणून द्यायचं. प्रॉम्प्टचं काम फक्त साहित्य, झाडं आणि हवा भरणं.

बदलाचं प्रमाण, म्हणजे डिनॉइज, मी 0.35 ते 0.45 ठेवते. 0.6 च्या वर गेलं की मॉडेल स्वतःच्या मनाने सावल्या पाडायला लागतं. सोबत चित्राची रचना जागेवर धरणारं कंट्रोलनेट लावणार असाल तर कॅमेऱ्यापासूनचं अंतर वाचणारं डेप्थ घ्या, कॅनी नको. कॅनी प्रत्येक कड उचलतो आणि त्याला सावलीची कड आणि रस्त्याची कड सारखीच. बागेतून तिरका डांबरी रस्ता गेलेला दिसला की समजायचं, ती सावलीची कड होती. डेप्थमध्ये सावली नसतेच, त्यामुळे इमारती जागेवर राहतात आणि सावली बेसमधून येते.

प्रॉम्प्ट असा काहीतरी:

```
Oblique aerial drone view looking north-west, camera at 120 m,
tilted down 40 degrees. Three 22-storey towers, internal road
loop, central garden. Clear January afternoon, hard sun from
frame left, all shadows parallel, falling to frame right.
Tower A's shadow climbs tower B, only its top five floors in sun.
Keep layout, road edges and shadow edges of the base image.
```

चित्र आल्यावर मोटारी बघा. गाडीची उंची दीड मीटर, म्हणून सावली 2.8 मीटर, म्हणजे चार मीटरच्या गाडीच्या लांबीच्या पाऊणपटीपेक्षा थोडी कमी. गाडीखाली नुसता काळा ठिपका असेल तर मॉडेलने भर दुपार केलीय. आठ मीटरच्या झाडाची सावली 15 मीटर हवी. टॉवर बरोबर आणि झाडं चूक, हा प्रकार नेहमीचा, कारण झाडं बेसमध्ये नसतात, मॉडेल नंतर लावतं. म्हणून झाडांचे साधे गोळे स्केचअपमध्येच ठेवा.

सोसायटी_सेक्रेटरी

जरा अवांतर, पण आमचंही पुनर्विकासाचंच चाललंय. विकासकाने दाखवलेल्या चित्रात बाग उन्हात न्हाऊन निघालीय, आणि बाग आहे टॉवरच्या बरोबर उत्तरेला. 70 मीटरचाच टॉवर. हे शक्य आहे का?

वीणा_स्थापत्य

मे महिन्यात शक्य आहे. मुंबईत 15 मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, सावली जवळजवळ शून्य. पुढे जूनमध्ये तर ती दुपारी थोडी दक्षिणेलाच पडते. पण 21 डिसेंबरला भर दुपारीही उन्नतांश साडेसत्तेचाळीसच असतो, म्हणजे सावली उत्तरेकडे 64 मीटर. बाग तेवढ्या अंतरात असेल तर हिवाळ्यात तिथे ऊन कमीच. त्यांच्याकडे 21 डिसेंबरचा सकाळी 9 ते दुपारी 4 पर्यंतचा सावलीचा अभ्यास मागा, दर तासाचा एक प्लॅन.

घाटकोपरचा_मन्या

रेराच्या कलम 12 मध्ये जाहिरातीतल्या खोट्या माहितीबद्दल भरपाई आहे. चित्र जपून ठेवा.

वीणा_स्थापत्य

ते कलम जाहिरात बघून पैसे भरणाऱ्यासाठी आहे. जुन्या सभासदांनी आधी करारनाम्याला जोडलेला नकाशा वकिलाला दाखवावा.

निळा_आराखडा

करून बघितलं. बी विंगवरची सावली अगदी सांगितलीत तशी चढलीय, रस्तेही जागेवर. सरांनी लगेच दुसरी खोड काढली. बागेतला गुलमोहोर लालभडक फुललाय, जानेवारीत!

उडती_तबकडी

गुलमोहोर आणि ताम्हण दोघेही एप्रिल-मेचे. फुलं हवीच असतील तर सावली मेची करा, नाहीतर नुसती हिरवी पानं. आणि पोडियमच्या स्लॅबवर पर्जन्यवृक्ष दाखवू नका, तेवढ्या मातीत त्याची मुळं मावत नाहीत. तिथे चाफा, बांबू, झुडपं ठीक. मोठी झाडं कंपाउंडच्या कडेला जमिनीत.

निळा_आराखडा

फुलं काढून टाकली. आता एकच अडलंय. याच संकुलाचे चार कोनांतून चार व्ह्यू हवेत आणि प्रत्येकात झाडं वेगळीच येतात. पहिल्यात आठ नारळ, दुसऱ्यात तेरा. सीड एकच ठेवलंय.

वीणा_स्थापत्य

कोन बदलला की बेस बदलतो, मग सीड एक ठेवून फरक पडत नाही. मी झाडांची खरी मॉडेल्स स्केचअपमध्ये लावून डिनॉइज 0.3 पर्यंत खाली आणते. पण मग पानं प्लास्टिकची दिसतात. यावर मलाही पटेल असा तोडगा अजून सापडलेला नाही. कोणी चारही व्ह्यू जुळवले असतील तर लिहा.

घाटकोपरचा_मन्या

मी फोटोशॉपमध्ये झाडांचा वेगळा लेयर करून चारही चित्रांत हाताने लावतो. सावलीचा लेयर मल्टिप्लाय मोडवर. एका व्ह्यूला अर्धा दिवस जातो.

निळा_आराखडा

प्रेझेंटेशन शुक्रवारी आहे. दोन व्ह्यू हाताने करतो, उरलेल्या दोनांत कॅमेरा असा धरतो की नारळाची रांग फ्रेमबाहेर जाईल.