पैसे घेऊन व्हिडिओवर सल्ला देता? वेळ, बुकिंग आणि फी कशी ठरवलीत ते लिहा

शून्यसमास

माझं काम स्प्रेडशीटचं. छोट्या व्यवसायांचे जमाखर्चाचे तक्ते बांधून देते, बिघडलेले दुरुस्त करते. अलीकडे एक वेगळीच विचारणा वाढली आहे: "पूर्ण काम नको, तासभर व्हिडिओवर बसून माझा तक्ता बघा, पैसे देतो." हे मला आवडेल, पण सुरुवातीलाच अडले आहे. सेशन अर्ध्या तासाचं ठेवू की तासाचं? फी किती? आणि वेळ ठरवण्यासाठी चालणारी मेसेजांची ये-जा कशी थांबवू? ज्यांनी हे केलं आहे त्यांनी आपापलं लिहा. वर्ग किंवा रेकॉर्ड केलेले कोर्स नकोत, फक्त एकास एक बसून केलेलं काम.

समासातली_खूण

मी तांत्रिक मजकुराचा संपादक. अशी सेशन नियमित घेतो.

अर्धा तास की एक, हे ठरवण्याआधी एक गोष्ट बघा: माणूस समोर येतो तेव्हा तुम्हाला त्याच्या प्रश्नाबद्दल काय माहीत असतं? काहीच माहीत नसेल तर पहिली पंधरा-वीस मिनिटं "नक्की अडतंय कुठे" हे शोधण्यातच जातात. मग अर्ध्या तासात हाती काही लागत नाही आणि तासही अपुरा पडतो. म्हणून बुकिंगच्या फॉर्ममध्ये मी तीन प्रश्न ठेवले आहेत. काय बनवताय? कुठे अडलंय? सेशन संपल्यावर काय हातात हवं? फाइल 24 तास आधी यायला हवी. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात उपयोगी. तिथे कुणी "सगळंच बघून घ्या" असं लिहिलं, तर मी एक ओळ परत पाठवतो आणि त्यातलं एकच निवडायला सांगतो.

बोलणं 50 मिनिटांचं. पहिली पाच मिनिटं आवाज, स्क्रीन आणि आज काय करायचं यात जातात. पुढची तीसेक मिनिटं फाइलवर काम. मग दहा मिनिटं मी हात मागे घेतो आणि तसाच एक परिच्छेद समोरच्याला सुधारायला लावतो. त्याला समजलंय की तो नुसता मान डोलावतोय, हे तिथे कळतं. शेवटची पाच मिनिटं पुढची कामं ठरवायला.

आता फी. 50 मिनिटांच्या सेशनला 20 मिनिटं आधी फाइल वाचायला लागतात, 20 मिनिटं नंतर टिपणं लिहायला आणि 10 मिनिटं दोन सेशनच्या मधली. म्हणजे 100 मिनिटं. तुमच्या कामाला लावून बघू. समजा महिन्याला 100 सुटायला हवेत (चलन तुमचं तुम्ही घाला) आणि आठवड्याला दहा तास देता येतात. सरधोपट हिशोब म्हणेल महिन्याचे 40 तास, तासाला अडीच. प्रत्यक्षात दहा तासांत सहाच सेशन बसतात आणि सहाही दर आठवड्याला भरत नाहीत. चार भरली तर महिन्याची 16. पेमेंट सेवेचं कमिशन, साधनांची वर्गणी आणि कर यांत पाचवा हिस्सा जातो असं धरलं, तर 100 सुटायला 125 यावे लागतात. भागिले 16, सेशनला जवळजवळ 7.8. अडीचच्या तिप्पट. हा आकडा बघून घाबरायला होतं, पण त्याखाली गेलात तर टिपणं लिहिणं हळूहळू बंद होतं, आणि माणसं परत येतात ती टिपणांसाठी.

उंबरठा

एवढं काय गुंतागुंतीचं करायचं? पहिली पंधरा मिनिटं फुकट द्या, लोक आपोआप येतात. सेशन 40 मिनिटांचं ठेवा, कारण झूमच्या फुकट खात्यात मीटिंग 40 मिनिटांनी बंद होते, दोघंच असलात तरी. गूगल मीट घेतलंत तर तिथे एक तासाने. त्यामुळे वेळेची शिस्त आपोआप लागते, घड्याळाकडे बघायला नको.

समासातली_खूण

@उंबरठा, झूमचं बरोबर. मीटमधली तासाची मर्यादा मात्र तिघं किंवा जास्त असतील तेव्हाची आहे. दोघांच्या कॉलला फुकट खात्यातही 24 तास मिळतात. आणि पैसे देऊन बसलेल्या माणसाचं वाक्य अर्ध्यात तुटणं याला मी शिस्त म्हणणार नाही. फुकटच्या पंधरा मिनिटांत तुमच्याकडे किती जण पुढे पैसे देऊन आले?

उंबरठा

काही आले. बरेच जण त्या पंधरा मिनिटांतच उत्तर घेऊन गेले, हे खरं. पण मी बायोडेटा बघतो, तिथे नोकरी शोधणाऱ्याच्या खिशात आधीच काही नसतं. त्याच्यापुढे तुमचा 7.8 चा हिशोब मांडून काय उपयोग? मला किती सुटायला हवेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याला त्यातून काय मिळणार, एवढंच तो बघतो.

काठावरची

मला वाटलं सल्ला कुणाचा घ्यावा याचे अनुभव विचारले आहेत. मी घेणाऱ्या बाजूची आहे, तरी लिहिते.

फोटोंच्या रंगकामासाठी दोघांकडे सेशन घेतली. पहिल्यांनी फी पानावर लिहिलीच नव्हती, "बोलून ठरवू" होतं. ते बोलणं मला इतकं अवघड वाटलं की मी ते आठवडाभर टाळलं. दुसऱ्यांची फी जास्त होती, पण लिहिलेली होती. सेशनमध्ये काय मिळेल तेही लिहिलं होतं: एका फोटोवर काम, वापरलेल्या सेटिंगचं टिपण आणि सात दिवसांत एक लेखी शंका. ती एक शंका विचारायची म्हणून मी स्वतः चार गोष्टी शोधून काढल्या आणि उरलेली पाचवी विचारली.

पहिल्यांनी सेशन रेकॉर्ड केलं आणि मला ते कॉल सुरू झाल्यावर स्क्रीनवरच्या खुणेवरून कळलं. तेव्हा नाही म्हणायला जड जातं. फॉर्ममध्येच विचारा ना.

सात_सूर

मी आवाजाचं प्रशिक्षण देते, निवेदन करणाऱ्यांना. माझं सेशन 30 मिनिटांचं. गळा त्याहून जास्त वेळ नीट काम देत नाही आणि मला आधी काही वाचायचं नसतं, त्यामुळे समासातली_खूण यांचं गणित माझ्याकडे निम्म्यावर येतं. वेळ कौशल्यावर अवलंबून असते, असं माझं मत.

मला लिहायचंय ते बुकिंगबद्दल. मी आधी गूगल कॅलेंडरमधलं अपॉइंटमेंटचं पान वापरायचे, आता कॅल डॉट कॉम वापरते. कॅलेंडली वापरणारेही ओळखीत आहेत. कुठलंही घ्या, चार सेटिंग पहिल्या दिवशी लावा: दोन सेशनच्या मधली मोकळी वेळ, कमीत कमी किती तास आधी बुक करता येईल, दिवसाला जास्तीत जास्त किती, आणि किती आठवडे पुढचं दिसेल. माझ्याकडे हे 10 मिनिटं, 24 तास, चार सेशन आणि तीन आठवडे असं आहे. दुसरी सेटिंग रिकामी ठेवली तर सकाळी चहा घेता घेता कळतं की वीस मिनिटांत कुणीतरी येतंय.

एक बारकी गोष्ट. गूगल कॅलेंडरमध्ये दिवसभराची नोंद टाकली, उदाहरणार्थ "सुट्टी", तर ती आपोआप `Free` धरली जाते. बुकिंगचं साधन बघतं फक्त `Busy` काय आहे ते. त्यामुळे तुमच्या सुट्टीच्या दिवशीही स्लॉट खुले दिसतात. नोंद उघडून ते बदलावं लागतं.

दुसरं घड्याळाचं. युरोपात घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात, अमेरिकेच्या बहुतेक भागात मार्चच्या दुसऱ्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत या दोघांमधला फरक एका तासाने बदललेला असतो, आणि ज्या देशांत घड्याळ हलतच नाही त्यांचं आणखी तिसरंच. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी येणारी माझी माणसं नेमकी तेव्हाच चुकतात. कॅलेंडरमध्ये वेळ `Europe/London` अशी शहराच्या नावाने टाकली तर ती आपोआप सरकते. `GMT+0` असं टाकलं तर सरकत नाही. शिवाय पुनरावृत्तीची वेळ कुणाच्या घड्याळाने पक्की, हे आधी बोलून घ्यावं लागतं. मी त्यांच्या घड्याळाने धरते, कारण बहुतेकांचं नोकरीचं वेळापत्रक असतं.

शून्यसमास

पैसे आधी की नंतर? आणि माणूस आलाच नाही तर?

समासातली_खूण

आधी. पैसे भरल्यावरच स्लॉट पक्का होईल अशी जोडणी बहुतेक साधनांत असते, काहींत ती पैसे देऊन घ्यायच्या योजनेत मिळते. 24 तास आधीपर्यंत वेळ बदलता येते, त्यानंतर नाही. न आल्यास 15 मिनिटं थांबतो, एक मेसेज टाकतो आणि तो वेळ टिपणांना वापरतो. पहिल्यांदा चुकलेल्याला एकदा नवी वेळ देतो.

परताव्याआधी नवी वेळ द्या, याचं एक रोकडं कारण आहे. बऱ्याच पेमेंट सेवा परतावा दिला तरी आपलं कमिशन परत करत नाहीत. पूर्ण रक्कम परत करताना तेवढे तुमच्या खिशातून जातात. कार्डावरून पैसे दिलेला माणूस बँकेकडे तक्रारही करू शकतो. तेव्हा त्याने कुठल्या अटी मान्य केल्या होत्या, हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून अटी फॉर्मवरच, खाली खूण करून.

उंबरठा

माझ्याकडे आधी पैसे मागितले की निम्मे गळतात.

सात_सूर

गळणारे तेच असतील जे एरवी आले नसते. अर्थात हे सिद्ध कसं करणार.

शून्यसमास

तर मी 50 मिनिटांनी सुरू करते, फॉर्म आणि आधी पैसे या अटींवर. फीचा आकडा अजून 7.8 ला नेण्याची हिंमत नाही, 5 पासून बघते.

पण एक अडचण तुमच्यापैकी कुणाच्या कामात आली नसेल. माझ्याकडे येणाऱ्या तक्त्यांत पगार असतात, ग्राहकांची नावं असतात. 24 तास आधी फाइल मागायची म्हणजे ते सगळं माझ्याकडे येणार. नावं काढून पाठवा म्हटलं तर लोक आख्खा रकाना उडवतात आणि मी बघायचं ते सूत्रच तुटतं. एका पानावर नावं बदलून दुसऱ्यावर तशीच ठेवली तर `VLOOKUP` ला काही सापडत नाही, सगळीकडे `#N/A`. मग मी त्यांची अडचण सोडवतेय की त्यांनी काल नवीन केलेली, तेच कळत नाही.

समासातली_खूण

फाइल न घेता स्क्रीनवरच बघा. पण मग आधीची तयारी होत नाही आणि तुम्ही पुन्हा त्या पहिल्या वीस मिनिटांपाशी येता.

काठावरची

मूळ फाइलची प्रत करून त्यात "बदला" वापरून सगळ्या पानांवर एकदमच एका नावाच्या जागी "क1" असं करता येतं ना? मी असती तर कसं करायचं त्याचं अर्ध्या पानाचं टिपण बुकिंगच्या ईमेलबरोबर मागितलं असतं.

शून्यसमास

दहा-बारा नावं असतील तर होईल. दोनशे असतील तर कोण करणार?