मदत हवी आहे: मुलीच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता अपेक्षेपेक्षा जास्त का?

मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ८ लाखांचं कर्ज घेतलं. २०२१ ते २०२४, दर १ ऑगस्टला २ लाख कॉलेजला गेले. व्याज १० टक्के, दर अजून बदललेला नाही. कोर्स संपून एक वर्षाने, म्हणजे या ऑगस्टपासून १० वर्षं हप्ते. मी सरळव्याज धरलं: पहिल्या २ लाखांवर पाच वर्षांचं १ लाख, मग ८०, ६० आणि ४० हजार. एकूण २.८० लाख. म्हणजे १०.८० लाखांवर हप्ता १४,२७० यायला हवा. बँकेच्या पत्रात शिल्लक सुमारे ११.४० लाख आणि हप्ता १५,०७० आहे. हे ६० हजार कुठून आले? मुलीचा पहिलाच पगार, महिन्याचे ८०० रुपयेही जाणवतील.

वडगावकर: साहेब, सवलतीच्या काळातलं व्याज शेवटी मुद्दलात मिळवतातच. पत्र बरोबर आहे, हप्ते सुरू करा.

निवृत्त_कर्जविभाग: मिळवतात, पण केव्हा, हा प्रश्न आहे. आयबीएच्या, म्हणजे बँकांच्या संघटनेच्या, आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत या काळात सरळव्याज असतं आणि ते एकदाच, परतफेड सुरू होताना मुद्दलात जातं. तुमच्या खात्यात ते दरमहा मिसळलेलं दिसतंय. तसं केलं की बरोबर ११.४० लाखांच्या आसपास येतं. खात्याचा उतारा काढा आणि डिसेंबर २०२१ व जानेवारी २०२२चं व्याज शेजारी ठेवा. दोन्ही महिने ३१ दिवसांचे, मध्ये नवी रक्कम नाही. सरळव्याज असेल तर दोन्हीकडे १,६९९ दिसेल.

सईची_आई: आमच्याकडे अमेरिकेच्या एमएससाठी खासगी कंपनीचं कर्ज आहे, तिथे पहिल्या महिन्यापासून थोडं व्याज भरावं लागतं. तुम्हाला सरकारी व्याज अनुदान नाही मिळालं का?

धागाकर्ता: उत्पन्न साडेचार लाखांच्या वर, त्यामुळे अनुदान नाही. उतारा पाहिला, डिसेंबर १,७५६ आणि जानेवारी १,७७१!

निवृत्त_कर्जविभाग: म्हणजे व्याजावर व्याज लागलंय. आता मंजुरीपत्र आणि करारनामा वाचा. तिथे सरळव्याज लिहिलं असेल तर त्या ओळीची प्रत जोडून शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. दरमहा चक्रवाढ लिहिली असेल आणि तुमची सही असेल, तर मात्र दाद मिळणं कठीण. तोवर हप्ता थांबवू नका, थकबाकीची नोंद मुलीच्या नावावर होईल.

वडगावकर: मुदत १५ वर्षं करून घ्या, हप्ता हलका होईल.

निवृत्त_कर्जविभाग: होईल, साधारण १२,२५०. पण एकूण भरणा १८ लाखांवरून २२ लाखांवर जाईल.

धागाकर्ता: मंजुरीपत्रात फक्त "बँकेच्या नियमांनुसार व्याज" एवढंच आहे. करारनाम्याची प्रत आमच्याकडे नाही, सोमवारी शाखेत मागतो. असं मोघम लिहिलेलं कुणाच्या पत्रात होतं का? पुढे काय झालं?