मदत हवी आहे: स्टार-डेल्टा पॅनेलमध्ये डेल्टा लागताना एमसीसीबी ट्रिप होतो (फायर पंप, 30 एचपी)

पंपरूम_गोरेगाव

आमच्या सोसायटीच्या हायड्रंट पंपाची मोटर 22 किलोवॅट, 415 व्होल्ट, नेमप्लेटवर 40 अँपिअर. ऑटोमॅटिक स्टार-डेल्टा पॅनेल आहे, एमसीसीबी 63 अँपिअरचा. मोटर जळाली म्हणून रिवाइंडिंग करून आणली. परत जोडल्यावर पंप उलटा फिरला, प्रेशर येईना. वायरमनने पॅनेलच्या इनकमरला आर आणि वाय अदलाबदल केल्या, पंप सुलटा फिरायला लागला.

तेव्हापासून स्टारमध्ये व्यवस्थित उचलतो, पण डेल्टा लागतो त्या क्षणी एमसीसीबी कधीकधी पडतो. कधी पडतो, कधी नाही, हीच डोकेदुखी. ट्रिप झाला नाही तरी 'धाड' असा आवाज येतो आणि पंपरूमचे दिवे मिचकतात. टायमर 6 सेकंदांवर आहे. टोंग टेस्टर लावला तर सुरुवातीला 85 च्या आसपास, चौथ्या सेकंदापर्यंत 20 च्या खाली येऊन स्थिर. जुलैचा फॉर्म बी द्यायचा आहे, त्याआधी हे निस्तरायचंय. टायमर किती ठेवू?

सावंत_इलेक्ट्रिकल्स

ओव्हरलोड रिले बघा आधी. मेन कॉन्टॅक्टरच्या खाली असेल तर तो 40 वर नाही, 40 च्या 0.58 पटीवर म्हणजे 23 वर ठेवायचा. निम्मे लोक इथेच चुकतात.

पंपरूम_गोरेगाव

दादा, रिले 23 वरच आहे आणि तो पडतच नाही. पडतो तो एमसीसीबी, तोही फक्त डेल्टा लागताना.

कुर्ला_वाइंडर

टायमर 12-15 सेकंद करून टाका. मोटर पुरता वेग घेण्याआधी डेल्टा लागला की जवळजवळ डीओएलइतका करंट खेचते, म्हणून ब्रेकर पडतो. आमच्याकडे ब्लोअर होता, त्याला 15 दिले, प्रश्न मिटला.

निवृत्त_टेस्टिंगवाला

ब्लोअरचं बरोबर आहे, तो जड असतो, सावकाश वेग घेतो. पण यांचा करंट चौथ्या सेकंदाला खाली येऊन थांबलाय. स्टारमध्ये जेवढा वेग घ्यायचा तेवढा मोटरने घेतला. पुढचे दहा सेकंद नुसती स्टारमध्ये तापेल. 6 सेकंद ठीक आहेत, हात लावू नका.

मला खटकलं ते दुसरंच. मोटर रिवाइंड होऊन आली, उलटी फिरली, आणि दुरुस्ती इनकमरला केली. मोटरच्या सहा वायरी कशा जोडल्यात? मेन कॉन्टॅक्टरवरून यू1 ला कोणती फेज जाते आणि डेल्टा कॉन्टॅक्टरवरून यू2 ला कोणती? मेन बंद करून, कुलूप लावून, कंटिन्युइटीने बघा. इनकमरपाशी फेज सीक्वेन्स मीटरही लावा.

पंपरूम_गोरेगाव

बघितलं. सीक्वेन्स मीटरने इनकमरच्या तीन टर्मिनलांवर आता पहिली, दुसरी, तिसरी असा क्रम ठरवला, त्यांना आर, वाय, बी म्हणतो. आर यू1 ला, वाय व्ही1 ला, बी डब्ल्यू1 ला. डेल्टा कॉन्टॅक्टरवरून यू2 ला वाय, व्ही2 ला बी, डब्ल्यू2 ला आर. पण डेल्टा तर बरोबरच झाला ना? मोटर चालते, करंट तिन्ही फेजला सारखा.

निवृत्त_टेस्टिंगवाला

डेल्टा बरोबर आहे, चालू मोटरला काही फरक पडत नाही. फरक पडतो फक्त बदलाच्या त्या एका क्षणी.

क्रम असा असतो: आधी स्टार कॉन्टॅक्टर, त्याच्या ऑक्झिलरीतून मेन, टायमर संपला की स्टार सुटतो, थोडा पॉज, मग डेल्टा. त्या पॉजमध्ये वाइंडिंगमधून करंट जात नाही, पण रोटरमध्ये फ्लक्स शिल्लक असतो. रोटर फिरतोय म्हणजे मोटर स्वतःच व्होल्टेज तयार करत असते. रोटर सप्लायपेक्षा हळू, म्हणून हे व्होल्टेज मागे मागे सरकतं. स्लिप 5 टक्के धरली तर 20 मिलिसेकंदांच्या प्रत्येक सायकलला 18 अंश. पॉज 50 मिलिसेकंदांचा असेल तर साधारण 45 अंश मागे.

आता डेल्टा लागतो. यू वाइंडिंगचं दुसरं टोक बी फेजला असेल, तर सप्लायकडून येणारं व्होल्टेज स्टारमधल्यापेक्षा 30 अंश मागे असतं. मोटरचं 45 मागे, सप्लायचं 30 मागे, फरक फक्त 15. धक्का हलका. तुमचं टोक वायला आहे. मग सप्लायचं व्होल्टेज 30 अंश पुढे, मोटरचं 45 मागे, फरक 75 अंशांचा. दोघं वेगळ्या दिशांनी ओढतात आणि पहिल्या सायकलचा करंट डीओएलच्याही वर जाऊ शकतो. कॉन्टॅक्टर लाटेच्या नेमक्या कुठल्या बिंदूवर लागेल हे नशीब, म्हणून कधी पडतो, कधी नाही. तुमच्या टोंग टेस्टरला हा झटका दिसणारच नाही, काही मिलिसेकंदांत संपतो.

पंपरूम_गोरेगाव

म्हणजे रिवाइंडिंगच्या आधी पॅनेल नीट होतं?

निवृत्त_टेस्टिंगवाला

तसंच दिसतंय. बहुधा मोटर परत जोडताना दोन वाइंडिंगच्या जोड्या आपसात बदलल्या, म्हणून उलटी फिरली. तेवढ्यावर डेल्टाचा हिशोब बिघडला नव्हता. तो बिघडला इनकमरला फेज बदलल्यावर.

दुरुस्ती: इनकमरच्या आर-वाय जुन्या जागी आणा. मग मोटरच्या बॉक्सात यू1 ची वायर व्ही1 वर, व्ही1 ची यू1 वर, आणि तसंच यू2 ची व्ही2 वर, व्ही2 ची यू2 वर. चारही वायरी, दोन नाहीत. शेवटी बघायचं एवढंच: प्रत्येक वाइंडिंगचं दुसरं टोक आधीच्या फेजवर, म्हणजे आर वाइंडिंगचं बी वर, वायचं आर वर, बीचं वाय वर.

कुर्ला_वाइंडर

मग टायमरचा पॉज शून्य केला तर? व्होल्टेज सरकायला वेळच नाही.

निवृत्त_टेस्टिंगवाला

नका करू. स्टार कॉन्टॅक्टरची आर्क विझायच्या आत डेल्टा लागला तर तिन्ही फेज स्टारच्या पट्टीतून शॉर्ट होतील. इंटरलॉक कॉइल थांबवतो, आर्क थांबवत नाही. आणि ब्रेकरची मॅग्नेटिक सेटिंग वाढवायचा सल्ला कोणी देईल, तोही ऐकू नका. ब्रेकर बोंब मारतोय ते बरंय, नाहीतर डेल्टा कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट बोलले असते.

सावंत_इलेक्ट्रिकल्स

सॉफ्ट स्टार्टर लावला की हे सगळं रामायण संपतं. बदलून टाका पॅनेल.

पंपरूम_गोरेगाव

कमिटीला 2 लाखांचं कोटेशन दाखवलं तर मलाच बदलतील.

वायरमनला बसवून चारही वायरी बदलल्या, इनकमर जुना केला. पंप सुलटा. 'धाड' गेली, आता साधा कॉन्टॅक्टरचा 'टक'. दिवे जरासे हलतात. आज बऱ्याचदा चालवला, एकदाही ट्रिप नाही.

अंधेरी_डीजी

मेन सप्लायवर झालं. डीजीवर बघितलंत का? पंप उचलताना व्होल्टेज बसलं की स्टारमधला टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. 6 सेकंदांत वेग पुरा होणार नाही. स्लिप 20 टक्के असेल तर एका सायकलला 72 अंश, मग 50 मिलिसेकंदांत व्होल्टेज पार उलटं. तुमचं नीट जोडलेलं डेल्टाही तिथे वाचवणार नाही.

निवृत्त_टेस्टिंगवाला

मुद्दा रास्त आहे. पण त्यासाठी डीजी केवढा, त्यावर आणखी काय चालू असतं ते कळायला हवं. डीजीवर टोंग टेस्टर लावून बघा, करंट कितव्या सेकंदाला बसतो. 6 च्या पुढे गेला तर टायमर तेवढाच वाढवा.

पंपरूम_गोरेगाव

डीजी 125 केव्हीएचा आहे, लिफ्टही त्यावरच. रविवारी सकाळी लिफ्ट थांबवून एकदा आणि लिफ्ट चालू ठेवून एकदा, असं दोन्ही करून आकडे टाकतो.